हॉल आणि डायनिंगमधली भिंत : प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, पहिली भेट

कोथरूडमधला बंगला, तळमजला आणि वर एक मजला, बांधकाम १९७९ चं. काका-काकूंना हॉल आणि डायनिंग एकत्र करून हवं आहे. मधली भिंत वीस फूट लांब आहे आणि ती पूर्ण काढायची असं त्यांच्या मनात आहे. हॉलची रुंदी अकरा फूट, पलीकडे डायनिंग आणि स्वयंपाकघर मिळून दहा फूट रुंदीचा पट्टा. आधी येऊन गेलेल्या एका मिस्त्रींनी "दोन दिवसांत पाडून देतो, वर दोन सहा इंची लोखंडी चॅनेल टाकू" असं सांगितलंय आणि आकडाही दिलाय.

घरात शिरल्यावर मी आधी वर खोल्या शोधल्या नाहीत, कोपऱ्यात उभा राहून छताकडे पाहिलं. स्लॅबच्या खाली कुठेही बीम डोकावत नाही आणि भिंतींच्या कोपऱ्यांत कॉलमचा फुगवटा नाही. म्हणजे हे घर कॉलम-बीमच्या सांगाड्याचं नाही. स्लॅब थेट विटांच्या भिंतींवर टेकलेली आहे. अशा घरात कुठली भिंत वजन पेलते आणि कुठली नुसता आडोसा आहे, हे रंगावरून किंवा ठोकून कळत नाही. ठोकल्यावर "भरीव" आवाज दोन्हीचा येतो.

दाराच्या चौकटीपाशी प्लास्टरसकट जाडी मोजली, साडेदहा इंच. प्लास्टर वजा केलं की नऊ इंची वीटकाम उरतं. स्वयंपाकघर आणि डायनिंगमधली छोटी भिंत मात्र सहा इंच भरली, म्हणजे साडेचार इंची विटेची. ही छोटी भिंत बहुधा नुसता आडोसा असावी. मोठीबद्दल मला शंका आहे. काकांना सांगितलं, कुणालाही हातोडा लावू देऊ नका.

१४ नोव्हेंबर, तपासणी

वरच्या मजल्यावर टेप घेऊन गेलो. दोन बेडरूममधली नऊ इंची भिंत खालच्या भिंतीच्या बरोबर डोक्यावर आहे. बाहेरच्या भिंतीपासून दोन्हीकडे अंतर मोजलं, अर्ध्या इंचाचाही फरक नाही. गच्चीवर त्याच रेषेजवळ हजार लिटरची पाण्याची टाकी आहे. ती भरली की एक टन.

मग काकूंची परवानगी घेऊन डायनिंगच्या बाजूने, भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे वीतभर लांबीचं प्लास्टर काढलं. वीट शेवटपर्यंत वर गेली आहे आणि तिच्यावर स्लॅबचं काँक्रीट थेट ओतलेलं आहे. काँक्रीटच्या खालच्या बाजूला विटेच्या सांध्यांचा ठसा उमटलेला दिसतो. आडोशाची भिंत स्लॅब झाल्यावर बांधतात, त्यामुळे वरच्या थराशी चिपळ्या आणि मसाला कोंबलेला सापडतो. इथे तसं काही नाही. ही भिंत आधी झाली आणि स्लॅब नंतर तिच्यावर बसली.

रात्री घरी मूळ नकाशाची झेरॉक्स चाळली. त्यात सळ्यांचा तपशील नाही, पण जोत्याखाली या भिंतीला बाहेरच्या भिंतींइतकाच रुंद, अडीच फुटी पाया दाखवलाय. नुसत्या आडोशाला कुणी असा पाया घालत नाही.

१८ नोव्हेंबर, स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमची भेट

मॅडमनी सळ्या शोधणारं यंत्र आणलं होतं. स्लॅबच्या पोटावरून फिरवलं तेव्हा मुख्य सळ्या बाहेरच्या भिंतीकडून मधल्या भिंतीकडे धावताना सापडल्या, म्हणजे स्लॅब अकरा आणि दहा फुटांच्या आखूड दिशेनेच वजन नेते. हॉलच्या मध्यावर सळ्या सहा-सहा इंचांवर आहेत. मधल्या भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर आलं की त्याच सळ्या बारा-बारा इंचांवर. एक सोडून एक सळी वर वाकवून भिंतीच्या डोक्यावरून नेलेली आहे. त्या काळी सगळेच असं क्रँक करत. एका ठिकाणी कव्हर फोडून सळी उघडी केली, १० मिलिमीटरची टॉर, गंज फारसा नाही.

मॅडम खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "ही भिंत काढता येईल, पण पूर्ण वीस फूट नाही. बीमशिवाय तर एक फूटही नाही." मी हिशेब मागितला, त्यांनी तो लिहून दिला. काकांना तोंडी सांगून भागणार नाही, कारण मिस्त्रींचा आकडा त्यांच्या डोक्यात बसलाय.

२३ नोव्हेंबर, काकांसाठी टिपण

काका, परवा तुम्ही विचारलंत की स्लॅब लोखंड घालून ओतलेली आहे, मग ती स्वतःच्या बळावर का राहणार नाही. प्रश्न बरोबर आहे, म्हणून आधी तेच लिहितो.

तुमची स्लॅब तीन भिंतींवर टेकली आहे, दोन बाहेरच्या आणि एक मधली. वजनाने हॉलच्या मध्यावर ती खाली झोळ धरू पाहते, त्यामुळे तिथे तिचं पोट ताणलं जातं. मधल्या भिंतीच्या डोक्यावर मात्र उलट होतं. स्लॅब दोन्हीकडे खाली जाऊ पाहते आणि भिंतीवर तिची पाठ ताणली जाते. काँक्रीट दाबाला चांगलं, ताणाला कच्चं. म्हणून जिथे ताण तिथे सळी घालतात. हॉलच्या मध्यावर सळ्या खाली आहेत, आणि भिंतीपाशी येताच त्यातल्या निम्म्या वर गेल्या आहेत. यंत्रावर आपण पाहिलं ते हेच.

आता भिंत काढली तर स्लॅबला बाहेरच्या भिंतीपासून थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत, जवळजवळ एकवीस फूट, अधांतरी जावं लागेल. सगळ्यात जास्त झोळ नेमका जुन्या भिंतीच्या जागी येईल आणि तिथे पोट ताणलं जाईल. पण त्याच जागी पोटात सर्वांत कमी लोखंड आहे! मॅडमच्या हिशेबाने त्या जागी येणारा वाक आज हॉलच्या मध्यावर येणाऱ्या वाकाच्या साधारण सातपट होतो, आणि तोही वरच्या भिंतीचं वजन धरण्याआधी. स्लॅब कमी जाडीची किंवा वाईट बांधलेली आहे असं मी म्हणत नाही. ती उत्तम बांधलेली आहे, पण मधली भिंत आहे हे धरून.

दुसरा प्रश्न, या भिंतीवर वजन आहे तरी किती. एक मीटर लांबीच्या भिंतीचा हिशेब देतो. पाच इंची स्लॅब दर चौरस मीटरला ३१० किलोच्या आसपास, त्यावर फरशी आणि खाली प्लास्टर धरून आणखी सव्वाशे. माणसं आणि सामानासाठी भारतीय मानक संहिता घरात दर चौरस मीटरला २०० किलो धरायला सांगते. म्हणजे सगळं मिळून सुमारे ६४० किलो. मधल्या भिंतीकडे दोन्ही बाजूंचा निम्मा-निम्मा पट्टा येतो, एकूण सव्वातीन मीटरला थोडा कमी. शिवाय स्लॅब सलग असल्यामुळे मधल्या आधाराकडे निम्म्यापेक्षा जास्त, जवळपास सव्वापट वाटा येतो. तुमच्या पायाखालच्या नव्हे, डोक्यावरच्या पहिल्या स्लॅबचे असे अडीच टन झाले. तिच्यावरची बेडरूमची भिंत दीड टन. गच्चीच्या स्लॅबवर विटांचा कोबा आहे, तिचे पावणेतीन टनांहून थोडे जास्त. बीमचं स्वतःचं वजन आणि आवरण धरलं की मीटरमागे सात टन. दहा फुटांची मोकळीक ठेवायची म्हटली तर एकवीस टन वजन आज ही भिंत शांतपणे जमिनीत पोचवते आहे.

तुमच्या ओळखीत एकांनी भिंत काढली आणि सहा महिने काही झालं नाही, असं तुम्ही सांगितलंत. तसं होऊ शकतं. वरच्या वीटकामात थोडीफार कमान तयार होते आणि वजन बाजूला सरकतं. खिडक्यांच्या चौकटी आणि आडोशाच्या भिंती, ज्यांचं ते काम नाही, त्याही भार घेऊ लागतात. पण काँक्रीट सततच्या वजनाखाली वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं. त्यांच्याकडे वरच्या बेडरूमचं दार आता खाली घासतं का, दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली आहे का, आणि खालच्या खोलीच्या छताला जुन्या भिंतीच्या रेषेत लांब सरळ भेग आहे का, हे पाहायला सांगा. छतातली ही भेग दिसली तर तिच्या रेषेखाली प्रॉप, म्हणजे तात्पुरते टेकू, लावून त्याच दिवशी इंजिनिअरला बोलावलं पाहिजे. ते घर पडलं नाही एवढ्यावरून ते सुरक्षित आहे असं ठरत नाही.

आता बीमबद्दल. मिस्त्रींनी सुचवलेली दोन सहा इंची चॅनेल मॅडमनी हिशेबात घालून पाहिली. त्या वजनाखाली लोखंडातला ताण दर चौरस मिलिमीटरला साधारण ४६० न्यूटन येतो. हे लोखंड २५० ला कायमचं वाकायला लागतं. म्हणजे ती चॅनेल प्रॉप काढताच वाकली असती. मग दहा इंची जोडी पाहिली. ताकदीला ती उतरते, १५६ येतात आणि १६५ पर्यंत चालतं. पण ती सात मिलिमीटर खाली झुकते. वर वीटकाम असलेल्या बीमचा झोक मॅडम दोन आधारांमधल्या अंतराच्या पाचशेव्या हिश्शात, म्हणजे इथे साडेसहा मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. त्याहून जास्त झुकला तर बीम तुटत नाही, पण बेडरूमची भिंत चिरते. म्हणून त्यांनी बारा इंची, आयएसएमसी ३०० ची जोडी ठरवली. तिचा झोक सव्वाचार मिलिमीटर येतो. दहा इंची आणि बारा इंचीच्या किमतीत फार फरक नाही, तो वाचवायला जाऊ नये असं माझंही मत आहे.

वीसच्या जागी दहाच फूट का, हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि मिस्त्रींच्या बोलण्यात मुळीच नव्हतं. आज हे वजन अडीच फूट रुंदीच्या पायावर सलग पसरलेलं आहे. बीम टाकला की ते दोन टोकांवर गोळा होतं, प्रत्येक टोकाला साडेअकरा टन. बीमचं टोक नऊ इंच विटेवर टेकवलं तर विटेवर दर चौरस मिलिमीटरला दोन न्यूटनांहून जास्त दाब येतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या मसाल्यातल्या या वीटकामाला मॅडम अर्ध्या न्यूटनापलीकडे जाऊ देत नाहीत. खाली काँक्रीटचा दोन फुटी ठोकळा दिला तरी दाब अर्ध्याच्या बराच वर जातो. मोकळीक वाढवली तर टोकांवरचं वजन त्याच प्रमाणात वाढतं, आणि बीमवरचा वाक त्याहून वेगाने, लांबीच्या वर्गाने. वीस फुटांचा बीम करताच येणार नाही असं नाही, पण तो इतका खोल होईल की तुमच्या डोक्यावर आडवा येईल.

म्हणून दोन्ही टोकांना भिंतीच्या आत लोखंडी खांब येतील. सहा इंची दोन चॅनेल जोडून केलेली पेटी. मिस्त्रींचं सहा इंची चॅनेल इथे उभं चालतं, आडवं नाही. प्रत्येक खांबाखाली तीन फूट बाय तीन फुटांचा नवा काँक्रीटचा पाया. तुमच्याकडे चार फुटांवर घट्ट मुरूम लागेल असा अंदाज आहे, आणि त्यावर दर चौरस मीटरला पंधरा टन धरूनच हे माप काढलंय. खड्ड्यात काळी माती निघाली तर माप बदलेल.

भिंतीचं आणखी एक काम असतं. भूकंपात घर हलतं तेव्हा लांब भिंती त्या हलण्याला आडव्या येतात. दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट भिंत शिल्लक ठेवली आणि खांब व बीम एकमेकांना वेल्डने जखडले, तर गेलेला जोर बऱ्यापैकी भरून निघतो. ती उरलेली भिंत पुढे कपाटासाठी कोरू नका.

खर्च मिस्त्रींच्या आकड्याच्या तिपटीहून जास्त आहे, हे मला माहीत आहे. काय कमी करता येईल ते आपण बसून पाहू. फरशी, रंग, दिवे यांत कपात करू. बीम, खांब, पाया आणि मॅडमची फी यात मी कपात सुचवणार नाही.

२६ नोव्हेंबर

काकांनी टिपण दोनदा वाचलं आणि फोन केला. दहा फुटांना तयार आहेत. काकूंनी एकच विचारलं, बीम दिसेल का. छताखाली फूटभर उतरेल, दहा फुटी उंचीत चालेल. मॅडमच्या सहीचा नकाशा आणि हिशेब आर्किटेक्टमार्फत महापालिकेत दिला. भार पेलणारी भिंत हलवायची असल्याने परवानगी हातात येईपर्यंत तिला हात लावायचा नाही.

६ जानेवारी २०२५, पाया

परवानगी आली. टोकांचे खड्डे एकाच वेळी खणले नाहीत. एक खणून, काँक्रीट घालून मग दुसरा, नाहीतर जुन्या पायाचा आधार दोन्हीकडून सुटतो. जुन्या पायाच्या तळाच्या खाली जायचं नाही, अशी सक्त सूचना होती. सव्वाचार फुटांवर मुरूम लागला. मॅडम स्वतः आल्या, सळी ठोकून पाहिली, माप तेच ठेवलं. तळाचे अँकर बोल्ट धाग्याने रेषेत घेतले. आता दहा दिवस रोज पाणी.

२० जानेवारी, पहिलं चॅनेल

गच्चीची टाकी रिकामी केली. वरच्या दोन्ही बेडरूममधली कपाटं भिंतीपासून दूर नेली आणि काका-काकू दोन आठवड्यांसाठी मुलीकडे गेले.

भिंतीच्या दोन्ही अंगांना, दोन फुटांवर, लाकडी तुळयांखाली अडीच-अडीच फुटांवर प्रॉप लावले. खाली फळ्या घातल्या, म्हणजे फरशी दबणार नाही. प्रॉप हाताने घट्ट करायचे, पान्याला पाइप लावून नाही. जास्त आवळले तर स्लॅब वर उचलली जाते आणि भिंतीवरचं प्लास्टर फुटतं.

प्रॉप स्लॅबचं वजन घेतात, पण वरच्या भिंतीचं आणि गच्चीचं नाही. ते खालच्या भिंतीवरच राहतं, म्हणून ही भिंत एकदम कापत नाहीत. खांब बसवून झाल्यावर हॉलच्या बाजूने, स्लॅबच्या लगेच खाली, भिंतीची फक्त निम्मी जाडी कोरली. छिन्नीनेच, ब्रेकर लावू दिला नाही, कारण त्याच्या थरथरीने उरलेल्या निम्म्या भिंतीचे सांधे सुटतात. मग १२० किलोचं चॅनेल चेन पुलीने उचलून खाचेत सरकवलं आणि खांबांच्या डोक्यावर बसवलं.

चॅनेलच्या डोक्यापासून स्लॅबपर्यंत दीड इंच फट राहिली. या दीड इंचावर सगळं अवलंबून असतं. ती रिकामी राहिली किंवा वरवर लिंपली, तर भिंत पाडल्यावर स्लॅब आधी खाली येऊन मग चॅनेलवर बसते, आणि त्या दोन-चार मिलिमीटरांत वरची खोली चिरते. आधी फूटभर अंतरावर लोखंडी पाचरी ठोकल्या. मग न आकसणारा ग्राउट जेमतेम ओला, मुठीत दाबला तर गोळा व्हावा एवढाच, लाकडी दांड्याने थर देत ठासला. ठासताना सुरुवातीला भसभसा आवाज येतो, भरत आलं की दांडा टणक वाजतो आणि उसळतो. गवंडी मामांनी पूर्ण दहा फूट कानावरच भरले.

२४ जानेवारी, दुसरं चॅनेल

चार दिवसांनी डायनिंगच्या बाजूने तेच. दोन्ही चॅनेल आरपार बोल्टने जोडली. पहिल्या बाजूच्या ग्राउटला नखाने आणि खिळ्याने ओरखडा काढून पाहिला, उठला नाही. वरच्या बेडरूमच्या भिंतीवर, दारावरच्या जुन्या बारीक चिरेवर काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या आणि पेन्सिलने तारीख टाकली. भिंत किंचितही सरकली तर काच तडकते, डोळ्यांना कळण्याआधी.

३० जानेवारी, भिंत उतरवली

वरून खाली, एकेक थर. राडारोडा त्याच दिवशी बाहेर, स्लॅबवर किंवा प्रॉपजवळ साठवला नाही. बीमच्या मध्याखाली जमिनीपासून एक काठी उभी करून तिच्यावर डायल गेज लावला होता. प्रॉप एकदम नाही, मध्याकडून टोकांकडे, एकेक आटा सैल करत काढले. शेवटचा प्रॉप सुटला तेव्हा काटा दोन मिलिमीटरच्या किंचित अलीकडे थांबला. हिशेबातले सव्वाचार हे माणसं आणि सामान धरून, शिवाय टाकी अजून रिकामी होती. वर जाऊन काचा पाहिल्या, सगळ्या अखंड.

दुसऱ्या दिवशी टाकी भरली आणि तासाभराने गेज पुन्हा वाचला. काट्यात फरक जाणवण्याजोगा नाही.

३ मार्च, हस्तांतरण

चॅनेलभोवती जाळी गुंडाळून जाड प्लास्टर केलंय. ते दिसण्यासाठी तर आहेच, पण आगीत उघडं लोखंड विटेपेक्षा फार लवकर नरम पडतं, म्हणूनही आहे. काकांना फाइल दिली. त्यात मॅडमच्या सहीचा नकाशा, हिशेब, पायाचे आणि उघड्या बीमचे फोटो, आणि महापालिकेची परवानगी आहे. ती घराच्या मूळ कागदांसोबत ठेवायची. पुढे घर विकताना हे मागितलं जातं.

सूचना तीनच दिल्या. बीममध्ये पंखा किंवा झुंबरासाठी भोक पाडायचं नाही, छताच्या स्लॅबला हुक लावा. वरच्या बेडरूममधली भिंत हलवायची असेल तर आधी फोन, कारण गच्ची तिच्यावर आहे. काचेच्या पट्ट्या पावसाळा संपेपर्यंत काढायच्या नाहीत. ओल धरल्यावर मुरुमावरचा नवा पाया थोडा बसू शकतो. एखादी काच तडकली तर तारीख लिहून फोटो पाठवायचा. ऑक्टोबरमध्ये मॅडम आणि मी पुन्हा पातळी मोजायला येऊ.